एकाच घरातल्या दोन काविळी

*माझे वडील ६४ वर्षांचे आहेत, शेती करतात. तीन आठवड्यांपासून त्यांचे डोळे पिवळे आहेत, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि अंगाला इतकी खाज सुटते की रात्र रात्र झोप नाही. पोटात मात्र अजिबात दुखत नाही. दोन-तीन महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरलंय, आणि यंदाच साखरही निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि आता स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन सांगितलाय. काका म्हणतात, कावीळ लिव्हरची, मग स्वादुपिंड कशाला तपासायचं? मागच्या वर्षी नवरात्राच्या उपवासात माझ्या धाकट्या भावालाही कावीळ झाली होती. शेजारच्या गावातून माळ आणली, नाकात औषध घातलं, आठ दिवसांत डोळे पांढरे झाले. आईने तेल-तूप-हळद बंद केलीय, बाबांना उसाचा रस चालू आहे. आधी दोन आठवडे गावठी औषध करून बघावं का? दोघांचे रिपोर्ट सोबत पाठवते आहे.*

*– एक वाचक, सातारा जिल्हा*

सीटी स्कॅन पुढे ढकलू नका. या आठवड्यात होत असेल तर याच आठवड्यात करून घ्या. घरच्यांच्या समाधानासाठी बाबांच्या गळ्यात माळ घालायची असेल तर खुशाल घाला, त्यावरून घरात भांडण नको. मात्र तिच्यासाठी एक दिवसही थांबू नका, आणि नाकात किंवा पोटात कुठलंही गावठी औषध जाऊ देऊ नका. उसाचा रस आजपासून बंद करा. नुकतीच साखर निघालेल्या माणसाला तो घातकच आहे.

आता काकांच्या म्हणण्याकडे वळू. ते हट्टाने बोलतायत असं मला वाटत नाही. त्यांनी एक पोरगा पिवळा झालेला पाहिला, माळ घातलेली पाहिली आणि तो बरा झालेलाही पाहिला. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सहजासहजी सोडत नाही. त्यांचं चुकतंय ते एवढंच, की भावाला झालं तेच बाबांना झालंय असं ते धरून चालले आहेत. डोळे पिवळे दिसले तर रक्तातलं बिलिरुबिन साधारण अडीच-तीनच्या वर गेलंय, इतकंच त्यावरून कळतं. ते का वाढलं आणि कुठे अडलं, हे डोळा सांगत नाही. ते लघवी सांगते, शौचाचा रंग सांगतो, आणि रिपोर्टातले दोन-तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर ते सांगतात. तुमच्याकडे दोघांचेही रिपोर्ट आहेत, म्हणून ते कसे वाचायचे हेच नीट सांगते.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झालेली पेशी मुख्यतः प्लीहेत मोडीत निघते. तिच्या हिमोग्लोबिनमधलं लोह आणि प्रथिन शरीर परत वापरतं. उरतो तो हीम या रेणूचा सांगाडा. त्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं आणि मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर कातडीखालचं काळंनिळं रक्त काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळं पडतं, तेव्हा हेच रसायन आपल्याला वरून दिसत असतं. धडधाकट माणसाच्या अंगातही रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. म्हणजे ते काही बाहेरून आलेलं विष नाही. ते रोज तयार होतं आणि रोज बाहेर जातं. ही ये-जा बिघडली की कावीळ दिसते.

हे ताजं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते लिव्हरपर्यंत येतं. असं चिकटलेलं असल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते खाली उतरत नाही, म्हणून रक्तात कितीही वाढलं तरी लघवीत येत नाही. लिव्हरच्या पेशीत एक एंझाइम त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं आणि तेव्हा कुठे ते पाण्यात विरघळू लागतं. रिपोर्टात पहिल्या प्रकाराला ‘इनडायरेक्ट’ लिहितात आणि या दुसऱ्याला ‘डायरेक्ट’. तपासणीचं रसायन घातल्यावर विरघळणारं बिलिरुबिन लगेच रंग दाखवतं, न विरघळणाऱ्याला आधी अल्कोहोलची मदत लागते. हा फरक डच डॉक्टर हायमान्स व्हॅन डेन बर्ग यांनी १९१६च्या सुमारास दाखवला आणि नावं तिथूनच आली.

विरघळणारं बिलिरुबिन पित्तात उतरतं. ओढे एकमेकांना मिळत जाऊन नदी व्हावी, तशा लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका मिळत मिळत एक मुख्य पित्तनलिका होते. तिला वाटेत पित्ताशयाचा फाटा येऊन मिळतो. पुढे ती स्वादुपिंडाच्या मागून, बहुतेकांमध्ये तर त्याच्या डोक्याकडच्या भागातून, खाली उतरते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात उघडते. हे शेवटचं वाक्य काकांना आवर्जून वाचून दाखवा, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आतड्यात पोचलेल्या बिलिरुबिनवर तिथले जिवाणू काम करतात आणि त्याचं युरोबिलिनोजेन होतं. बराचसा भाग पुढे शौचाला तपकिरी रंग देतो. थोडा भाग रक्तात परत शोषला जातो, त्यातला बहुतेक लिव्हर पुन्हा पित्तात टाकतं आणि अगदी थोडा लघवीवाटे जातो.

म्हणजे शौचाला तपकिरी रंग येतो तो पित्त आतड्यात पोचतंय म्हणूनच, आणि लघवीत बिलिरुबिन उतरतं ते फक्त विरघळणारं. एवढं लक्षात ठेवून भावाचा रिपोर्ट काढा.

भावाचं एकूण बिलिरुबिन २.८, त्यातलं डायरेक्ट फक्त ०.४. म्हणजे साठलेलं जवळजवळ सगळं न विरघळणारं, लिव्हरच्या प्रक्रियेआधीचं. एसजीपीटी नॉर्मल, अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल, हिमोग्लोबिन १४.६. लघवीच्या तपासणीत ‘बाइल पिगमेंट’च्या पुढे ‘निगेटिव्ह’. असं चित्र दोन कारणांनी उमटतं. एक, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा फार वेगाने फुटत असतील आणि लिव्हरपुढे माल जास्त येत असेल. दुसरं, माल तेवढाच असेल पण लिव्हरमधलं ते जोडणारं एंझाइम जन्मतः मंद असेल. पेशी फुटत असत्या तर हिमोग्लोबिन बहुधा उतरलं असतं, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या कोवळ्या पेशी वाढल्या असत्या आणि एलडीएच वाढलं असतं. भावाचं हिमोग्लोबिन उत्तम आहे. वय तरुण, नऊ दिवसांचा उपवास, बाकी सगळं ठणठणीत. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. नाव आजाराचं वाटतं, पण नुकसान काहीच करत नाही. अशा माणसात ते एंझाइम इतरांच्या साधारण एक तृतीयांश काम करतं. एरवी तेवढं पुरतं. उपवास, ताप, जागरण, अतिश्रम असं काही झालं की बिलिरुबिन दोन-तीनवर चढतं आणि जेवणखाण सुरळीत झालं की आपोआप उतरतं.

नवरात्र संपलं, त्याने पोटभर जेवायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत डोळे पांढरे झाले. माळ नसती घातली तरी झाले असते. पुढच्या उपवासात पुन्हा पिवळे होतील, तेव्हा घाबरू नका. एकदा रेटिक्युलोसाइट आणि एलडीएच तपासून घ्या, ठीक आले तर निदान पक्कं धरा आणि त्याच्या फायलीवर ‘गिल्बर्ट’ असं ठळक लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक नवा डॉक्टर नव्याने तपासण्यांचा घाट घालेल. कर्करोगावरचं इरिनोटेकान आणि अशीच मोजकी औषधं सोडली, तर त्याला कुठलंही पथ्य नाही.

विदर्भातल्या आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण तिकडे या पहिल्या प्रकारात सिकलसेल मोठा वाटेकरी आहे. त्यात तांबड्या पेशी १२० दिवस न जगता दोन-तीन आठवड्यांतच फुटतात. डोळे सतत किंचित पिवळे राहतात, हिमोग्लोबिन कमी असतं, पण लिव्हर चांगलं असेल तर एकूण बिलिरुबिन सहसा चार-पाचच्या पलीकडे जात नाही. कारण चांगल्या लिव्हरची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाचं बिलिरुबिन एकाएकी दहा-बारावर गेलं, त्यात डायरेक्ट जास्त निघालं आणि शौच फिकी झाली, तर ‘याला नेहमीचीच कावीळ’ म्हणून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं जास्त बिलिरुबिन उतरल्यामुळे या मुलांच्या पित्ताशयात काळे खडे होतात आणि एखादा खडा घसरून मुख्य नलिकेत अडकतो. म्हणजे लिव्हरच्या आधीची कावीळ असलेल्या माणसालाच लिव्हरच्या नंतरचीही होते. मलेरियाच्या प्रायमाक्विनच्या गोळ्यांनंतर लघवी एकदम काळपट लाल झाली तर तेही वेगळं प्रकरण आहे. तो रंग बिलिरुबिनचा नसतो. जी६पीडी एंझाइमची कमतरता असलेल्यांच्या पेशी धडाधड फुटून हिमोग्लोबिनच लघवीत उतरतं. गोळी तिथल्या तिथे थांबवून दवाखाना गाठायचा.

आता बाबांचा कागद. एकूण बिलिरुबिन ११.४, डायरेक्ट ९.२. म्हणजे लिव्हरने आपलं काम केलंय, आम्ल जोडलंय, बिलिरुबिन विरघळणारं झालंय, पण ते बाहेर न जाता उलटं रक्तात येतंय. ते विरघळणारं असल्यामुळेच मूत्रपिंडातून लघवीत उतरतंय आणि लघवी चहासारखी झालीय. इथवर दोन शक्यता राहतात. बिघाड खुद्द लिव्हरच्या पेशींत असेल, किंवा पेशी ठीक असून पुढची वाट अडली असेल.

यातला फरक करायला एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे दोन आकडे शेजारी ठेवा. एसजीपीटी लिव्हरच्या पेशींच्या आत असतं आणि पेशी मेल्या की रक्तात सांडतं. अल्कलाइन फॉस्फेटेज पित्तनलिकांच्या बाजूचं आहे आणि वाट तुंबली की ते वाढतं. दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई मध्ये एसजीपीटी अनेकदा हजारच्या वर जातं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज थोडंसंच वाढतं. सुरुवातीला ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, आणि मग डोळे पिवळे. बाबांचं नेमकं उलट आहे. एसजीपीटी १०४, म्हणजे ४० या वरच्या मर्यादेच्या अडीचपट. अल्कलाइन फॉस्फेटेज ६१२, म्हणजे १२० या मर्यादेच्या पाचपट. कल पेशींकडे नाही, नलिकांकडे आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती बघायला हवी होती: शौचाचा रंग. आज-उद्या बाबांना विचारा. मला वाटतं, पांढरट, मातकट, तेलकट आणि पाण्यावर तरंगणारी असं उत्तर येईल. आपल्याकडे याबद्दल कोणी आपणहून बोलत नाही आणि डॉक्टरही घाईत विचारायचं विसरतात. पण खाज, गडद लघवी आणि पांढरट शौच ही तिन्ही एकत्र आली की पित्त आतड्यात पोचत नाहीये, हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. (हेच बाळांच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. जन्मलेल्या बाळाची पहिल्या आठवड्यातली कावीळ बहुधा साधी असते. पण दोन आठवडे उलटूनही बाळ पिवळं असेल आणि शी पांढरट असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालं तर त्याचा उपयोग जास्त होतो.)

उरलेलं काम सोनोग्राफीने केलंय. मुख्य पित्तनलिका १४ मिलिमीटर लिहिलीय. साधारण सहा-सातपर्यंत ठीक मानतात. लिव्हरच्या आतल्या नलिकाही फुगल्यात. पित्ताशय फुगलंय, पण त्यात खडे नाहीत. आणि शेवटची ओळ: ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही.’ म्हणजे पित्ताची अख्खी वाट वरपासून खालपर्यंत तुंबून फुगली आहे. वाट वर अडली असती तर खालची नलिका आणि पित्ताशय फुगलं नसतं. अडथळा अगदी खालच्या टोकाशी आहे, जिथे नलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून उतरते त्याच भागात, आणि सोनोग्राफीला दिसली नाही तीही नेमकी तीच जागा. तालुक्याच्या डॉक्टरांनी सीटी सांगितला तो म्हणून. माझ्या मते त्यांनी अगदी बरोबर वाचलंय.

तिथे काय असू शकतं, हे तुमच्यापासून लपवणं मला योग्य वाटत नाही. खडा असू शकतो. पण खडा अडकला की बहुधा उजव्या बरगडीखाली मुरडून दुखतं, कळा येतात. शिवाय खडे धरून बसलेलं पित्ताशय वारंवार सुजून निबर झालेलं असतं, ते सहसा असं फुगत नाही. दुखत नाही आणि पित्ताशय फुगलेलं आहे, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी, हे स्विस सर्जन कुरव्हॉझिए यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय आणि आजही प्रत्येक सर्जन ते शिकतो. त्यात उतरलेलं वजन आणि नव्याने निघालेली साखर धरली, तर स्वादुपिंडाच्या डोक्यातली किंवा नलिकेच्या तोंडाशी असलेली गाठ हाच पहिला संशय घ्यावा लागतो. संशय म्हणजे निदान नव्हे. स्वादुपिंडाची एक सूज हुबेहूब गाठीसारखी दिसते आणि स्टेरॉइडने उतरते. आक्रसलेली नलिकाही असू शकते. पण यातलं काहीही असलं तरी माळेने ते सुटणार नाही, आणि गाठ असेल तर वेळेला फार किंमत आहे. स्वादुपिंडाची गाठ बहुधा दुखतखुपत नाही, आतल्या आत वाढते. ती डोक्याच्या भागात असली तर नलिकेवर दाब येऊन कावीळ लवकर होते आणि माणूस डॉक्टरकडे पोचतो. शेपटीकडच्या गाठीला अशी सूचना मिळत नाही. नलिकेच्या अगदी तोंडाशी असलेली गाठ तर वेळेत निघाली तर त्यातल्या त्यात चांगली निभावते.

आता त्या दोन आठवड्यांचा विचार करू. ‘करून बघितलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. पहिली अडचण अशी की अशा काविळीत बिलिरुबिन मधूनच आपोआप थोडं उतरू शकतं. नलिकेच्या तोंडाशी असलेल्या गाठीचा तुकडा गळून वाट जराशी मोकळी होते, किंवा खडा हलतो. अकरावरून आठवर आलं की घरात आनंद होतो, माळेला श्रेय मिळतं आणि आणखी महिना जातो. माळ लांबते तीही कावीळ उतरली म्हणून नव्हे. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून लांबते. निरोग्याच्या गळ्यातही लांबेल. नाकात औषध घातल्यावर येणारं पिवळं पाणी हे आतली त्वचा भाजून सुटलेलं पाणी असतं. बिलिरुबिनला नाकावाटे बाहेर पडायची वाटच नाही. पोटात घ्यायच्या काढ्यांबद्दल मी जास्त सावध आहे. २०२१ मध्ये गुळवेलीच्या काढ्यांनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत. आधीच तुंबलेल्या लिव्हरवर अनोळखी औषधाचा भार टाकायची ही वेळ नव्हे.

दुसरी अडचण रक्ताची. बाबांचा आयएनआर १.६ आलाय. तो साधारण एकच्या आसपास हवा. म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतोय. के जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि ते आतड्यातून शोषायला पित्त लागतं. पित्त आतड्यात येत नाही म्हणून के शोषलं जात नाही, आणि के नसलं की लिव्हर गोठणारी प्रथिनं पुरी करू शकत नाही. खाजवून खाजवून अंगावर निळे डाग उठत असतील, दात घासताना रक्त येत असेल, तर कारण हे आहे. बरं हे की वाट अडल्यामुळे झालेला हा बिघाड के जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने एक-दोन दिवसांत सुधारतो. लिव्हरच्या पेशीच नासल्या असतील तर तसा सुधारत नाही, म्हणून इंजेक्शननंतर पुन्हा केलेला आयएनआर निदानालाही मदत करतो. डॉक्टरांना हे इंजेक्शन आताच देता येईल का, ते विचारा.

आणि तिसरी अडचण अशी, की तिच्यासाठी रात्री दोन वाजताही गाडी काढावी लागेल. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर हुडहुडी भरून ताप येतो. थंडी वाजून ताप, डोळे आणखी पिवळे, पोटात दुखणं, बोलण्यात गोंधळ, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. तिथे अँटिबायोटिक पुरत नाही, तुंबलेलं पित्त मोकळं करावं लागतं. म्हणून अशी सोय असलेलं रुग्णालय जवळ कुठे आहे, सातारा, कराड की थेट पुणे, ते आजच विचारून ठेवा.

सीटीच्या वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. शिरेतून रंगद्रव्य देऊन, स्वादुपिंडासाठी म्हणून ठरवलेल्या पद्धतीनेच तो व्हायला हवा. साधा पोटाचा सीटी पुरत नाही. त्याआधी क्रिएटिनिन तपासलेलं असावं, आणि बाबा साखरेसाठी कुठली गोळी घेतात ते तिथे सांगावं. दुसरं क्रमाचं. काही ठिकाणी रुग्ण पिवळा दिसला की लगेच ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नलिकेत स्टेंट बसवतात. ताप असेल तर ते बरोबरच आहे. पण ताप नसेल तर आधी सीटी आणि मग बाकीचं, कारण स्टेंट बसल्यावर आजूबाजूला सूज येते आणि गाठ किती पसरलीय हे चित्रात धूसर होतं. शिवाय ईआरसीपीनंतर काही रुग्णांना स्वादुपिंडाची सूज येते. गाठ लहान निघाली आणि लवकर ऑपरेशन होण्यासारखं असेल, तर स्टेंटशिवाय थेट ऑपरेशनही करतात. म्हणून डॉक्टरांना असं विचारा: ‘स्टेंट आत्ताच का, आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने सीटी पाहिलाय का?’ या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा आणि रेशन कार्ड, आधार बरोबर न्या.

आईंना सांगा, हळदीचा पिवळा रंग आणि डोळ्यांतला पिवळा रंग यांचा काहीएक संबंध नाही. फोडणीतली चिमूटभर हळद चालेल. तेल-तुपाबद्दल त्यांचं अर्धं बरोबर आहे. पित्ताशिवाय चरबी नीट पचत नाही, जास्त दिली तर शौच तेलकट होते आणि पोट फुगतं. म्हणून तळलेलं टाळा, पण पूर्ण कोरडं जेवण नको. सहा किलो उतरलेल्या माणसाची ताकद ऑपरेशनपर्यंत टिकायला हवी. डाळ, अंडी, ताक, मऊ भात, भाकरी, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा, साखर सांभाळून. खाजेसाठी कोलेस्टायरामिनची पूड मिळते. ती आतड्यातच काम करते, म्हणून वाट पूर्ण बंद असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि इतर औषधं तिच्यापासून काही तास लांब ठेवावी लागतात. नखं कापून ठेवा, आंघोळीचं पाणी कोमट ठेवा. खाज खरी जाईल ती पित्त मोकळं झाल्यावरच.

आणि पुढे स्टेंट बसला किंवा ऑपरेशन झालं, तर त्यानंतरची एक गोष्ट आताच सांगून ठेवते, कारण तिथे बरीच कुटुंबं घाबरतात. पित्त वाहू लागलं की आधी शौच तपकिरी होईल, मग काही दिवसांत लघवी साफ होईल. खाजही बहुधा पहिल्या आठवड्यातच उतरेल. डोळे मात्र दोन-तीन आठवडे पिवळेच राहतील आणि रिपोर्टातलं बिलिरुबिन रेंगाळत उतरेल. इतके दिवस तुंबलेल्या विरघळणाऱ्या बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला पक्का जोडला गेलेला असतो. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य जवळपास तीन आठवड्यांचं, आणि ते प्रथिन शरीर मोडेपर्यंत तो भागही रक्तात फिरत राहतो. लघवीत तो उतरत नाही, म्हणून लघवी स्वच्छ आणि डोळे पिवळे असं विचित्र चित्र दिसतं. अशा वेळी लघवी आणि शौचाचा रंग रोज बघून वहीत लिहून ठेवा. लघवी पुन्हा गडद झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तरच स्टेंट तुंबल्याचा संशय घ्यायचा आणि लगेच रुग्णालयात कळवायचं.